रोखे कोणी जाळले?

आपल्याकडे इतिहास, राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र शिकणारा विद्यार्थी बहुधा दोन भाषांच्या उंबरठ्यावर बसून लिहीत असतो. संदर्भाची पुस्तके इंग्रजीत, वर्गातली चर्चा मराठीत, आणि उत्तरपत्रिका कधी या भाषेत तर कधी त्या भाषेत. पुढे संशोधनाकडे वळला, तर प्रबंध एका भाषेत लिहितो आणि त्याच विषयावरचा लेख दुसऱ्या भाषेत. अशा मुलांविषयी दोन तक्रारी नेहमी कानांवर येतात. मराठी तपासणारा म्हणतो, "याचे मराठी भाषांतर केल्यासारखे वाटते." इंग्रजी तपासणारा म्हणतो, "हा नुसती हकीकत सांगतो, मुद्दा मांडत नाही." मुलगा तोच, विषय तोच, अभ्यासही तोच. तरी तो दोन्हीकडे कमी ठरतो. मग त्याला वाटते, आपला शब्दसंग्रह कमी पडतो आहे, आणि तो कोश उघडून बसतो.

मला वाटते, कोशाचे काम त्यानंतरचे. विद्वत्तेचे मराठी गद्य आणि विद्वत्तेचे इंग्रजी गद्य ही दोन वेगळ्या घरांत वाढलेली भावंडे आहेत. वाक्यात भार कशावर द्यायचा, कर्ता कुठे ठेवायचा, आपली खात्री किती आहे हे वाक्याच्या सुरुवातीला सांगायचे की शेवटी, या त्यांच्या सवयीच निराळ्या आहेत. हे नुसते सांगून पटणार नाही. म्हणून आपल्या अभ्यासक्रमातला, सर्वांना थोडाफार ठाऊक असलेला एक प्रसंग घेऊ आणि तो दोन भाषांत लिहून पाहू.

प्रसंग १८७५ सालचा आहे. पुणे जिल्ह्यातले सुपे हे गाव तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. तिथे १२ मे १८७५ रोजी शेतकरी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. रोखे, खतपत्रे, हिशेबाच्या वह्या बाहेर काढल्या आणि जाळल्या. हे लोण मग पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या आणखी गावांत पसरले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. त्या कायद्याने न्यायालयांना रोख्यावरचा आकडा जसाच्या तसा न मानता मागच्या देवघेवीच्या हिशेबात शिरण्याची मुभा मिळाली. कागद जाळणाऱ्यांचे दुखणे नेमके तिथेच होते.

आता आपला विद्यार्थी या प्रसंगाची कारणे लिहायला बसतो. इंग्रजी पुस्तकात त्याला एक छोटे वाक्य सापडते: 'द फॉल इन कॉटन प्राइसेस लेड टू इन्डेटेडनेस.' वाक्य सुटसुटीत आहे. त्यात दोन नामे आहेत, एक भाव उतरण्याचे आणि एक कर्जात असण्याचे, आणि मध्ये एक क्रियापद त्यांची गाठ मारते. विद्वत्तेच्या इंग्रजीची ही आवडती रीत आहे. घडलेल्या गोष्टीचे नाम करायचे, म्हणजे ती वस्तूसारखी उचलून दुसऱ्या वस्तूशेजारी ठेवता येते. इंग्रजीचे वाक्य कर्ता, क्रियापद, कर्म या क्रमाने जात असल्यामुळे दोन जड नामांच्या मध्ये क्रियापद उभे राहते आणि डोलारा पेलते.

हेच वाक्य मुलगा मराठीत उतरवतो: 'कापसाच्या किमतींतील घसरणीची परिणती शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणातील वाढीत झाली.' व्याकरणाची चूक एकही नाही. पण वाक्य वाचताना धाप लागते. किमतींतील, घसरणीची, शेतकऱ्यांच्या, कर्जबाजारीपणातील, वाढीत. प्रत्ययांच्या या पायऱ्या एकामागून एक चढायच्या आणि शेवटी भेटते ते 'झाली' एवढेच क्रियापद. मराठीचे क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, म्हणून सगळ्या नामांचा भार वाचकाला तोवर डोक्यावर घेऊन चालावे लागते. तपासणारा याला 'भाषांतरित' म्हणतो तेव्हा त्याला हा भार जाणवलेला असतो, पण कारण तो क्वचितच सांगतो.

मराठी लिहिण्याची हातातली रीत क्रियापदांची आहे. '१८६५ साली अमेरिकेतले यादवी युद्ध संपले आणि कापसाचे चढलेले भाव कोसळले. त्यानंतर महसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला. हातात पैसा नाही आणि सारा तर भरायचा, तेव्हा शेतकरी सावकाराच्या दारात गेला.' इथे नामे थोडी आहेत आणि प्रत्येक वाक्यात काहीतरी घडते आहे. बखरकारांपासून आपले गद्य असेच चालत आले आहे. 'करून', 'घेऊन', 'जाऊन' अशी धातुसाधिते एका दोऱ्यात ओवायची आणि शेवटच्या क्रियापदापाशी गाठ मारायची.

पण या सोप्या मराठीत एक खाच आहे, आणि इंग्रजीचा तपासनीस तिच्यावरच बोट ठेवतो. युद्ध संपले, भाव कोसळले, सारा वाढला, शेतकरी सावकाराकडे गेला, हा झाला क्रम. एकामागून एक घडले म्हणून एकामुळे दुसरे घडले का? 'फेरआकारणी होऊन सारा वाढला' यातले 'होऊन' म्हणजे 'झाल्यानंतर' की 'झाल्यामुळे'? मराठी कान दोन्ही अर्थ एकदम ऐकतो आणि पुढे जातो. इंग्रजीतले 'लेड टू' मात्र कारणाचा उघड दावा करते, आणि दावा केला की पुरावा द्यावा लागतो. मुलगा आपली मराठी रीत इंग्रजीत नेतो आणि 'अँड देन, अँड देन' करत वाक्ये जोडतो. हकीकत सांगतो, मुद्दा मांडत नाही, ही तक्रार येते ती इथून.

आणि या प्रसंगात तो फरक साधा नाही. सुप्याच्या परिसरातला कोरडवाहू शेतकरी मुख्यतः बाजरी-ज्वारी पिकवणारा. मग कापसाचे भाव उतरल्याचा फटका त्याला नेमका कसा बसला? थेट बसला, की पैशाची एकूण चणचण झाल्यामुळे, सावकारांनी हात आखडल्यामुळे आडून बसला? वाढलेल्या साऱ्याचा वाटा किती? नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने तर १९७२ साली लिहिलेल्या निबंधात या दंग्यांचा एवढा गाजावाजा व्हावा इतके ते मोठे होते का, असाच प्रश्न उभा केला. तेव्हा 'भाव कोसळले, कर्ज वाढले' असे ओवून टाकले, तर एक वादाचा मुद्दा वाचकाच्या आणि लिहिणाऱ्याच्याही नकळत निकालात निघतो. मराठीत तो स्पष्ट मांडता येत नाही असे नाही. 'भाव कोसळले म्हणून कर्ज वाढले असे म्हणायचे, तर सुप्याच्या आसपास कापूस किती पिकत होता हे आधी पाहावे लागेल,' हे वाक्य पूर्ण मराठी आहे आणि पूर्ण शास्त्रीयही. त्याला जड नाम लागले नाही. लागले ते फक्त 'म्हणून' आणि 'तर'.

दुसरा फरक कर्त्याचा. इंग्रजी पुस्तकात येते, 'बॉण्ड्स वेअर बर्न्ट.' मुलगा लिहितो, 'रोखे जाळण्यात आले.' ही 'करण्यात आले', 'देण्यात आले' अशी रचना सरकारी पत्रकांतून आणि बातम्यांतून आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की औपचारिक मराठी म्हणजे हेच, अशी समजूत झाली आहे. गंमत अशी की मराठीला तिची गरज फारशी नाही. आपल्या भूतकाळातल्या कर्मणी प्रयोगात क्रियापद मुळातच कर्माप्रमाणे चालते. 'रोखे जाळले', 'वही जाळली', 'खत जाळले'. कर्ता माहीत नसेल किंवा सांगायचा नसेल, तर तो नुसता गाळता येतो, आणि सांगायचा असेल तर 'कुणब्यांनी' हा एक शब्द पुढे ठेवला की काम झाले. इंग्रजीला कर्ता लपवायला वेगळी रचना करावी लागते. मराठीत दार नुसते लोटून घेता येते.

म्हणून 'जाळण्यात आले' यातल्या शेपटीने मिळते काय, असे विचारले पाहिजे. त्याने वाक्याला कचेरीचा सूर येतो आणि 'कोणी?' हा प्रश्न विचारायची इच्छाच मरते. इतिहासात तर तो पहिला प्रश्न आहे. रोखे जाळणारे कोण होते? कर्जात बुडालेले कुणबी, की त्यांच्याबरोबर गावातले इतरही? ठरवून आलेले, की जमलेल्या गर्दीत ओढले गेलेले? जो विद्यार्थी 'जाळण्यात आले' असे लिहितो, त्याने कर्ता शोधलाच नाही, की शोधून सापडला नाही, हे वाचणाऱ्याला कळत नाही. इंग्रजीतही चांगले प्राध्यापक कर्मणी वाक्याखाली हाच प्रश्न लिहितात. पण इंग्रजीत ती रचना निदान भाषेच्या स्वभावातली आहे. मराठीत ती उसनी आणली, तर अर्थ हरवतो आणि वर भाषाही बिघडते.

तिसरा फरक खात्री सांगण्याचा. विद्वत्तेच्या लेखनात प्रत्येक विधान सारख्याच ठामपणाने करून चालत नाही. इंग्रजीत ही तोल सांभाळणारी वाक्ये आधी येतात. 'इट अपिअर्स दॅट', 'द एव्हिडन्स सजेस्ट्स दॅट' असे म्हणून लेखक वाचकाला आधीच सावध करतो आणि मग विधान करतो. मुलगा त्याच चालीवर लिहितो, 'असे दिसून येते की...' आणि पुढे चाळीस शब्दांचे वाक्य. मराठीचा ओघ उलटा आहे. आधी विधान, शेवटी 'असे दिसते'. 'सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या कागदांवरच जमावाचा रोख होता असे दिसते.' याचा एक परिणाम असा की मराठी वाक्य फार लांबवता येत नाही. लांबवले, तर वाचक विधान खरे धरून चालतो आणि शेवटी 'असे काहींचे मत आहे' हे वाचून अडखळतो.

शिवाय शंकेच्या छटा मराठी आपल्या क्रियापदातच ठेवते. 'वह्या जाळल्या असतील' म्हणजे माझा अंदाज, आधार फारसा नाही. 'वह्या जाळल्या असाव्यात' म्हणजे खुणा आहेत, त्यांवरून मी हे म्हणतो. 'वह्या जाळल्या असणार' म्हणजे दुसरे काही संभवत नाही. इंग्रजीत ज्यासाठी लेखकाला स्वतंत्र शब्द पेरावे लागतात, ते इथे एका प्रत्ययात होते. पण आपल्या परीक्षेच्या मराठीत 'असाव्यात' दुर्मीळ झाले आहे. सगळीकडे नुसते 'होते' आणि 'झाले'. मुलाला इंग्रजीत सावध लिहायला शिकवले जाते. मराठीत सावध लिहिता येते, हे त्याला बहुधा कोणी सांगितलेलेच नसते.

असे का झाले, याचे उत्तर इतिहासात आहे. आपल्या आधुनिक गद्याची सुरुवातच दोन भाषांत झाली. बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला. त्यात एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यात मराठी मजकूर असे. तेव्हापासून इंग्रजी वाक्य मराठी वाक्याच्या शेजारी बसलेले आहे. मेजर कँडी यांनी शाळांची मराठी पुस्तके वर्षानुवर्षे तपासली. स्वल्पविराम, अर्धविराम ही इंग्रजी चिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्या चिन्हांबरोबर, त्यांच्या आधाराने उभी राहणारी लांब वाक्येही आपल्याकडे आली.

मात्र परीक्षेची भाषा मराठी झाली नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, आणि वरच्या वर्गांत मराठीला जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांना दीर्घकाळ झगडावे लागले. इतिहास, अर्थशास्त्र या विषयांची उत्तरे पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजीतच लिहिली गेली. मराठीतले विचाराचे गद्य वाढले ते परीक्षेच्या दालनाबाहेर, मासिकांत, वर्तमानपत्रांत आणि व्याख्यानांच्या मंडपांत. पुण्याची वसंत व्याख्यानमाला सुरू झाली तीही १८७५ सालीच, सुप्याच्या दंग्यांच्या वर्षी. त्याच्या आधीच्या वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' निघाली होती. समोर वाचक बसला आहे, त्याला पटवायचे आहे, चिमटा काढायचा आहे, अशा सुरात हे गद्य तयार झाले. अहवाल, आयोगापुढची निवेदने, प्रबंध यांचा कोरडा सूर इंग्रजीकडे राहिला. इंग्रजी लिहिताना लेखक बाजूला होतो आणि मराठी लिहिताना पुढे येतो, या सवयीचे मूळ या वाटणीत आहे.

ही वाटणी एकाच माणसाच्या लेखणीत पाहायची असेल तर महात्मा फुले पाहावेत. 'गुलामगिरी' हे त्यांचे पुस्तक १८७३ सालचे. त्याला इंग्रजी प्रस्तावना आहे, ती त्या काळच्या इंग्रजी रिवाजाप्रमाणे सलग आणि औपचारिक. आत मराठीत मात्र जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद आहे, प्रश्न, उत्तर, पुन्हा प्रश्न. पुढे १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले, तेही इंग्रजीत. त्याच्या सुरुवातीलाच ते आपल्या अनुभवाची हद्द सांगतात, की तो मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे. मग रयतेच्या कष्टातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हा मुद्दा ते आयोगापुढे ठेवतात. पुढच्याच वर्षीचा 'शेतकऱ्याचा असूड' उघडा. रागही तोच, रयतही तीच. पण इथे लेखक हद्द आखून बोलत नाही. तो शेतकऱ्याच्या घरात शिरतो, कचेरीत शिरतो, सोंगे उभी करतो आणि वाचकाला हाताला धरून ती दाखवतो. फुल्यांना दोन्ही सूर अवगत होते, आणि कुठला सूर कुणापुढे लावायचा हे ते जाणून होते.

याच फुल्यांच्या मराठीची 'निबंधमाले'तून टर उडवली गेली. विष्णुशास्त्र्यांनी त्यांच्या व्याकरणाला हसून घेतले. विष्णुशास्त्री स्वतः जॉन्सन आणि मेकॉले मुरवलेले लेखक. त्यांच्या डौलदार, अनेक फाट्यांच्या वाक्यांत त्या इंग्रजी वाचनाचे संस्कार दिसतात. पण शिष्टमान्य मराठी ठरली ती त्यांची, आणि खेड्यातल्या बोलण्याच्या अंगाने जाणारी फुल्यांची भाषा 'अशुद्ध' ठरली. पहिल्या पिढीत शिकणारा मुलगा आजही उत्तरपत्रिकेत आपल्या घरची वाक्यरचना टाळतो आणि 'करण्यात आले' असे लिहितो. शुद्ध काय आणि कुणाचे, हा निवाडा त्याच्या मनात असा आधीच होऊन गेलेला असतो.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. भाषा संचालनालय निघाले, परिभाषा कोश होऊ लागले, आणि महाविद्यालयांतले विषय मराठीतून शिकवण्यासाठी पुस्तके हवी झाली. ती बऱ्याच अंशी इंग्रजी पुस्तके समोर ठेवून लिहिली गेली. शंभर वर्षे परीक्षेबाहेर वाढलेले मराठी गद्य आता परीक्षेत आले, पण निबंधकारांचा बोलका सूर बाहेर ठेवून आले. कर्जबाजारीपणाची 'ऋणग्रस्तता' झाली. परिभाषा संस्कृतातून घडवली गेली आणि तिची गरजही होती, कारण एका संकल्पनेला एकच ठरलेला शब्द असल्याशिवाय शास्त्र चालत नाही. अडचण होते ती पारिभाषिक शब्दांबरोबर साधे शब्दही जड केले जातात तेव्हा. 'ऋणग्रस्तता' एकदा व्याख्या करून वापरावी. पण शेतकऱ्याने कर्ज काढले, हे सांगायला 'ऋण प्राप्त केले' कशाला?

माझ्या घरात दखनी बोलली जाते, त्यामुळे या बाबतीत माझा कान जरा वेगळा लागतो. ज्या शब्दांवाचून मराठीत वादविवादच करता येत नाही असे 'मुद्दा', 'दाखला', 'तपशील', 'खुलासा' हे सगळे शब्द मुळात अरबीतून आलेले आहेत. 'रयत'सुद्धा. राजा शिवछत्रपतींच्या काळात 'राज्यव्यवहारकोश' करून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, तरी हे शब्द कागदांतून गेले नाहीत, कारण लिहिणाऱ्यांचे काम त्यांच्यावर चालत होते. आणि योगायोग पाहा. सरकारी इंग्रजी कागदांनी 'रयत' आणि 'सावकार' हे शब्द आपल्या उच्चारात का होईना, तसेच ठेवले. आपला विद्यार्थी ते इंग्रजीत वाचतो, आणि मराठीत 'कृषक' आणि 'ऋणदाता' करून लिहितो. मूळ शब्द इंग्रजीच्या घरी सांभाळला गेला आणि आपल्या घरून बाहेर पडला.

शब्द निवडताना निवाडाही होतो, हे याच प्रसंगात दिसते. 'रायट' हा शब्द सरकारी आयोगाच्या नावातच होता. तो मराठीत 'दंगा' म्हणून आला. कोणी 'उठाव' म्हणतो, कोणी 'बंड'. दंगा म्हटले की शांतता मोडली हे पुढे येते, उठाव म्हटले की अन्याय पुढे येतो. यांतला कुठला शब्द घ्यायचा हे प्रत्येकाने ठरवावे, पण का घेतला ते एका वाक्यात सांगावे. भाषांतर करताना जो शब्द हाताला लागला तो घेतला, तर आपण कुणाची तरी बाजू घेतलेली असते आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

तर मग दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या मुलाने करायचे काय? पहिली गोष्ट, एका भाषेतला परिच्छेद वाक्यामागून वाक्य दुसऱ्या भाषेत उतरवू नये. मुद्दे कागदावर टिपावेत आणि परिच्छेद नव्याने लिहावा. मराठी झाल्यावर तो मोठ्याने वाचावा. रेडिओसाठी लिहिणाऱ्यांना ही सवय असते. जिथे श्वास पुरत नाही तिथे बहुधा नामांची रांग लागलेली असते. तिथले एक नाम उचलून त्याचे क्रियापद करावे. मग प्रत्येक 'करण्यात आले'पाशी थांबून 'कोणी?' असे विचारावे. उत्तर माहीत असेल तर ते लिहावे, नसेल तर तसे सांगावे. इंग्रजी परिच्छेदाची तपासणी वेगळी. त्यात प्रत्येक 'अँड'पाशी आणि 'देन'पाशी थांबून विचारावे, 'नंतर की म्हणून?' जिथे उत्तर 'म्हणून' असे येईल तिथे कारणाचा शब्द घालावा आणि लगेच पुढच्या वाक्यात त्याचा आधार द्यावा.

सुप्याचा परिच्छेद या कसोट्यांतून काढला, तर मराठीत तो असा काहीसा होईल: '१८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि वह्या जाळल्या. कागदच निवडून जाळले, यावरून कर्जाचा पुरावा नाहीसा करणे हा त्यांचा हेतू असावा. कापसाचे भाव कोसळल्यामुळे हे कर्ज वाढले, असे कारण नेहमी दिले जाते. पण या भागात मुख्य पीक बाजरी-ज्वारीचे होते. तेव्हा कापसाइतकाच, किंबहुना अधिक, वाढलेल्या साऱ्याचा विचार करावा लागतो.' इंग्रजीत लिहिताना याच मजकुराचा क्रम फिरेल. आधी दावा येईल, की या दंग्यांचे कारण कापसापेक्षा महसुलात शोधायला हवे. मग त्या दाव्याची हद्द येईल, आणि शेवटी सुप्याचा प्रसंग पुरावा म्हणून येईल. मराठी परिच्छेद प्रसंगापासून निघून मताकडे जातो, इंग्रजी मतापासून निघून प्रसंगाकडे येतो. मजकूर तोच राहतो आणि दोन्हीकडे पुरावाही तेवढाच लागतो.

तपासणाऱ्यांनीही एक करावे. 'भाषांतरित वाटते' किंवा 'मुद्दा नाही' एवढे लिहून उत्तरपत्रिका परत देऊ नये. कुठल्या नामाचे क्रियापद करायला हवे होते, कुठल्या 'आणि'च्या जागी 'म्हणून' हवे होते, त्या शब्दाखाली रेघ ओढावी. त्या मुलाला मराठी येते आणि इंग्रजीही येते. दोन घरांचे रिवाज वेगळे आहेत, एवढेच त्याला अजून कोणी सांगितलेले नाही.